सरळ बो आणि सरळ हात: एकच समजू नका

व्हायोलिन नव्याने शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात, ‘बो सरळ ठेव,’ म्हणजे तारेवर घासायची, केस ताणलेली काडी सरळ ठेव. तो लगेच हात सरळ मागे ओढू लागतो आणि बो वाकडा होतो. मग पुन्हा तेच ऐकवतात, तो आणखी जोर लावून हात मागे ओढतो आणि बो आणखी वाकडा होतो. सूचना बरोबर आहे, पण ती बोसाठी आहे, हातासाठी नाही.

सरळ बो म्हणजे तारांना उचलून धरणाऱ्या लाकडी ब्रिजला समांतर, तारेशी काटकोनात चालणारा बो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. काडी फिंगरबोर्डकडे, म्हणजे बोटं तार दाबतात त्या पट्टीकडे, जरा कललेली असली तर तो वाकडेपणा नव्हे. तिकडे सुरुवातीला लक्ष देऊ नका.

घोळ हातात आहे. खांदा आणि कोपर हे सांधे, त्यामुळे त्यांच्याभोवती हात नेहमी कमानीत फिरतो. बो सरळ रेषेत जायचा तर या दोन कमानींनी एकमेकींची भरपाई करावी लागते. ए तारेवर फ्रॉगपासून, म्हणजे बो जिथे धरतो त्या टोकापासून, सुरुवात करा. बोच्या मध्यापर्यंत मुख्यतः दंड, म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग, बाजूला उघडतो. मध्यावर आलात की दंड आणि पुढचा हात यांच्यात साधारण काटकोन होतो. इथे थांबून पाहा, कारण यापुढे काम बदलतं. आता कोपर उघडायचं, पण फक्त कोपर उघडलं तर मनगट कमानीत मागे, पाठीच्या दिशेला जातं आणि बोचं टोक स्क्रोलकडे, म्हणजे व्हायोलिनच्या मानेच्या गुंडाळलेल्या शेवटाकडे, वळतं. म्हणून कोपर उघडत असतानाच दंड किंचित पुढे न्यायचा. टोकाशी पोचताना हात शरीरापासून दूर, पुढे ढकलल्यासारखा वाटतो. नवशिक्याला हीच भावना चुकीची वाटते आणि तो हात परत मागे घेतो. पुढे ढकलल्यासारखं वाटत नसेल, तर बहुतेक वेळा बो वाकडाच चाललेला असतो.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. हनुवटीजवळून तार लांबवर पळताना दिसते, त्यामुळे काटकोनाचा अंदाज फसतो. मोबाइल ब्रिजच्या वर, खाली पाहणारा असा लावा आणि काडी ब्रिजला समांतर आहे का ते चित्रणात बघा. दुसरी खूण रोझिनची, म्हणजे बोच्या केसांना लावायच्या राळेची. तार कोरड्या फडक्याने पुसा, पूर्ण बोचे दहा फटके द्या आणि पांढरी भुकटी कुठे बसली ते पाहा. केसांच्या पट्टीएवढा, साधारण एक सेंटिमीटर रुंद पट्टा दिसला तर बो जागेवर राहिला. भुकटी तीन सेंटिमीटरभर पसरली असेल, तर तो घसरला.

आवाज एकसारखा न येण्याचं कारणही आधी इथेच शोधावं. टोकाकडे आवाज पातळ झाला की ‘दाब दे’ असं सांगितलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. बो फिंगरबोर्डकडे घसरला की आवाज हवेशीर, पोकळ होतो. ब्रिजकडे घसरला की तो खरखरतो. दोन्हीवर दाब हा उपाय नाही. भुकटीचा पट्टा अरुंद असूनही टोकाशी आवाज पडत असेल, तरच प्रश्न वजनाचा. फ्रॉगपाशी हात आणि बो दोघांचं वजन तारेवर असतं, टोकाशी ते उरत नाही. तेव्हा पुढचा हात आतल्या बाजूला किंचित वळवून तर्जनीतून वजन द्या. फ्रॉगपाशी मात्र करंगळीने काडी तोलून वजन कमी करा. खांदा उचलून रेटलं तर तार गुदमरते.

सरावाला मेट्रोनोम ६० वर लावा. काटकोनाच्या जागेपासून टोकापर्यंतचा अर्धाच बो चार ठोक्यांत न्या, चार ठोक्यांत परत आणा, कारण बो वाकडा जातो तो याच अर्ध्यात. हा भाग स्थिर झाला की फ्रॉगकडचा अर्धा घ्या आणि शेवटी पूर्ण बो आठ ठोक्यांत. आधी ए आणि डी तार घ्या, मग जी आणि ई. प्रत्येक तारेला कोपराची उंची बदलते, जीला सर्वांत वर, ईला सर्वांत खाली. बो सरळ धरून ठेवणारं साधन तारेवर बसवण्याची पद्धत मी टाळते. ते काढताच हात जुन्याच कमानीत जातो.

हात आखूड असेल आणि टोकाशी कोपर पूर्ण ताणलं जात असेल, तर शेवटचे चार-पाच सेंटिमीटर बो वापरूच नका.