वेग वाढला, फेऱ्या तेवढ्याच

घरातला 100 एमबीपीएसचा इंटरनेट प्लॅन बदलून 500चा घेतला, स्पीड टेस्टने नवा आकडा दाखवलाही, आणि तरी दूरच्या सर्व्हरवरचे एखादे पान पूर्वीसारखेच रेंगाळत उघडते, असा अनुभव पुष्कळांना येतो. यात फसवणूकच झाली असेल असे नाही. प्लॅनमधला आकडा एका सेकंदात जास्तीत जास्त किती डेटा येऊ शकेल एवढेच सांगतो. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत यायला किती वेळ लागेल, याबद्दल तो काहीच सांगत नाही. या दुसऱ्या गोष्टीला लेटन्सी म्हणतात आणि ती मिलिसेकंदांत मोजतात.

समजा, सर्व्हर इतका लांब आहे की तिथे जाऊन परत यायला 200 मिलिसेकंद लागतात, आणि आपल्याला हवे असलेले पान 200 किलोबाइटचे आहे. पानाची मागणी करण्याआधी संगणकाला दोन फेऱ्या माराव्या लागतात: एक सर्व्हरशी जोडणी करण्यासाठी, दुसरी त्या जोडणीवरचा मजकूर कुलूपबंद करण्यासाठी. त्यानंतर मागणी जाते. पण मधला रस्ता किती भार पेलेल हे सर्व्हरला ठाऊक नसल्यामुळे तो सगळे पान एकदम पाठवत नाही. आधी तो साधारण 14 किलोबाइट पाठवतो, ते पोहोचल्याची पोच मिळाली की 28, मग 56, मग 112. म्हणजे पान पूर्ण यायला आणखी चार फेऱ्या झाल्या. सहा फेऱ्यांचे 1.2 सेकंद होतात. आता केवळ डेटा वाहून आणण्याचा वेळ पाहू: 200 किलोबाइटना 100 एमबीपीएसवर 16 मिलिसेकंद लागतात आणि 500वर तीनपेक्षा थोडे अधिक. महागड्या प्लॅनने 1.2 सेकंदांतले फार तर 13 मिलिसेकंद वाचवले, जे कोणाच्या लक्षातही येणार नाहीत.

हेलपाट्याचा वेळ कमी करण्याला निसर्गाचीच मर्यादा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, त्यामुळे 10,000 किलोमीटर लांबीच्या केबलवरून जाऊन येण्यातच 100 मिलिसेकंद खर्च होतात, आणि केबल काही नकाशावरच्या सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण ती सहसा जवळचा सर्व्हर निवडते आणि बऱ्याचदा एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून मोजमाप करते.

दुसरा अडथळा बहुधा घरातच असतो. वाय-फायवर एका चॅनेलमध्ये साधारणपणे एका वेळी एकानेच बोलायचे असते, आणि पाठवलेल्या जवळजवळ प्रत्येक तुकड्याची पोच यावी लागते. पोच आली नाही तर उपकरण थोडे थांबून तोच तुकडा पुन्हा पाठवते, आणि प्रत्येक अपयशानंतर हे थांबणे वाढत जाऊ शकते. सिग्नल क्षीण झाला की उपकरण सावकाश बोलू लागते: एका अँटेनाचा जुना फोन 2.4 गिगाहर्ट्झवर राउटरजवळ 72 एमबीपीएसच्या दराने जोडला जातो, तर दोन भिंतींपलीकडे तोच दर 7पर्यंत घसरू शकतो, आणि प्रत्यक्ष हाती येणारा वेग त्याहूनही कमी असतो. राउटरपर्यंत मग 100 येवोत की 500, या फोनला त्याचा पत्ताच लागत नाही. शिवाय असा सावकाश बोलणारा फोन हवेतला वेळ अडवून ठेवतो, त्यामुळे राउटरशेजारच्या लॅपटॉपलाही ताटकळावे लागते.

यांतला दोष कुठला, हे दोन आज्ञांनी बरेचसे कळते. जिथे त्रास होतो त्याच जागी बसून आधी राउटरला आणि मग बाहेरच्या पत्त्याला हाक मारायची. पहिला पत्ता आपापल्या राउटरचा घ्यावा.

```
ping 192.168.1.1
ping 1.1.1.1
```

विंडोजवर ही आज्ञा चार हाकांनंतर थांबते. तेवढ्यावर विसंबू नये, `ping -n 50 192.168.1.1` असे लिहून पन्नासेक होऊ द्याव्यात. राउटरचे उत्तर सतत 2 ते 5 मिलिसेकंदांत आले तर वाय-फाय ठीक आहे. 4, 90, 11, 310 अशा उड्या दिसल्या किंवा मधूनच `Request timed out` आले, तर बिघाड घराबाहेर जायच्या आतच झाला आहे. खात्रीसाठी तोच लॅपटॉप केबलने जोडून पाहावा. उड्या थांबल्या तर राउटरची जागा बदलणे किंवा लांबच्या खोलीत केबलने जोडलेला दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणे, हाच खरा उपाय. सिग्नल नुसता पुढे फेकणारा रिपीटर घ्यावा असे मला वाटत नाही, कारण तो अनेकदा त्याच चॅनेलवर प्रत्येक तुकडा दोनदा पाठवतो.

मोठा प्लॅन नेहमीच व्यर्थ असतो असेही नाही. मोठी फाइल उतरवताना किंवा घरातले चौघे एकाच वेळी व्हिडिओ पाहताना जोडणी खरोखर भरून जात असेल, तर तिथे त्याचा उपयोग होतो. पण राउटर चटकन उत्तर देत असेल, जोडणी रिकामी असेल आणि दूरचा सर्व्हरच 200 मिलिसेकंद घेत असेल, तर घरात बसून करण्यासारखे फारसे काही उरत नाही. तिथे उपाय संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या हाती असतो: पानाची प्रत वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवायची, किंवा जोडणी आणि कुलूप या दोन्ही गोष्टी एकाच फेरीत उरकणारा क्विक हा प्रोटोकॉल वापरायचा, ज्यामुळे वरच्या उदाहरणातले 1.2 सेकंद 1 सेकंदावर येतात.