हितसंबंधी विश्लेषण : प्रभाव–स्वारस्य चौकट

एखाद्या प्रकल्पात ज्यांचे हित गुंतलेले आहे अशा व्यक्ती, गट आणि संस्था ओळखून प्रत्येकाशी कसा संबंध ठेवायचा हे ठरवण्याची पद्धत. चौकटीच्या एका बाजूवर निर्णय बदलण्याची किंवा अडवण्याची ताकद मांडतात, दुसऱ्या बाजूवर प्रकल्पातला रस. दोन्ही जास्त असलेल्यांना निर्णयात सोबत घ्यायचे, फक्त ताकद असलेल्यांना समाधानी ठेवायचे, फक्त रस असलेल्यांना माहिती देत राहायचे आणि उरलेल्यांवर नजर ठेवायची, असा साधारण नियम.

यातले तिसरे घर सर्वांत फसवे. तिथल्या गटांची ताकद आज कमी असते, पण ते एकत्र आले की ती वाढते. जर्मनीतील ‘श्टुटगार्ट २१’ हे याचे ठळक उदाहरण. शहराचे १६ फलाटमार्गांचे, गाड्या जिथे संपतात असे स्थानक काढून जमिनीखाली ८ मार्गांचे आरपार स्थानक बांधण्याची ही योजना १९९४ मध्ये जाहीर झाली. रेल्वे, संघराज्य, राज्य आणि शहर हे पैसा व अधिकार असलेले घटक पहिल्या घरात. रहिवासी मात्र माहिती देण्याच्या घरातले.

रहिवासी त्या घरात राहणार नाहीत, याची खूण २००७ मध्येच दिसली. शहरात जनमत घ्यावे म्हणून ६० हजारांहून अधिक सह्या जमा झाल्या आणि नगरपरिषदेने ती मागणी फेटाळली. ३० सप्टेंबर २०१० रोजी राजवाड्याच्या बागेतली झाडे तोडण्यासाठी पोलिसांनी आंदोलकांवर पाण्याचे फवारे मारले, शंभराहून अधिक लोक जखमी झाले. त्यानंतर माजी केंद्रीय मंत्री हाइनर गाइस्लर यांच्या मध्यस्थीने दोन्ही बाजूंची चर्चा घ्यावी लागली आणि ती दूरचित्रवाणीवर थेट दाखवली गेली.

हा बदल टिपण्यासाठी चौकटीला सहभाग-मूल्यमापन तक्त्याची जोड देतात. प्रत्येक गट अनभिज्ञ, विरोधक, तटस्थ, समर्थक की पुढाकार घेणारा, हे आजचे स्थान आणि हवे ते स्थान एकाच ओळीत नोंदवतात. दोहोंतले अंतर म्हणजे करायचे काम. आजचे स्थान अंदाजाने भरू नये. सह्या, खटले, सभेतली उपस्थिती यांसारख्या वागणुकीवरून भरावे. गप्प असलेला गट तटस्थच असतो असे नाही, पुष्कळदा त्याला प्रकल्पाची माहितीच नसते. शिवाय विरोधकांना समर्थक बनवण्याचे लक्ष्य बहुधा अवास्तव ठरते, त्यांच्यासाठी तटस्थता पुरेशी असते.

‘नागरिक’ अशी एकच ओळ ठेवणेही चुकीचे. २०११ च्या राज्यव्यापी जनमतात सुमारे ५९ टक्के मते राज्याचा निधी काढून घेण्याच्या विरोधात, म्हणजे प्रकल्पाच्या बाजूने पडली. रस्त्यावरचा विरोध खरा होता, पण मतदारांतला मोठा गट वेगळा होता आणि तक्त्यात त्याला स्वतंत्र ओळ हवी होती.

पुढे समर्थकांचे घरही हलले. २००९ मध्ये सुमारे ४.५ अब्ज युरोंची मर्यादा ठरलेला खर्च ११ अब्जांपलीकडे गेला, वाढीव रक्कम कोणी द्यायची यावरून रेल्वेने आपल्याच भागीदारांवर दावा लावला आणि २०२४ मध्ये श्टुटगार्टच्या प्रशासकीय न्यायालयाने तो फेटाळला.