दोन ठिपके आणि मधली रेघ

विद्यार्थ्यांचे सहा गट आहेत. शिकवणीचा एखादा नवा उपक्रम सुरू होण्याआधी प्रत्येक गटाची पूर्वचाचणी घेतली आणि उपक्रम संपल्यावर उत्तरचाचणी. दोन्ही चाचण्या 100 गुणांच्या. हातात बारा सरासऱ्या आल्या. उदाहरणासाठी मीच रचलेले हे आकडे पाहा:

| गट | आधी | नंतर |
|---|---|---|
| क | 38 | 52 |
| ख | 46 | 55 |
| ग | 51 | 53 |
| घ | 58 | 67 |
| च | 64 | 61 |
| छ | 72 | 78 |

असे आकडे समोर आले की बहुतेकांचा हात जोडस्तंभालेखाकडेच जातो. शाळेत तोच शिकवलेला असतो. प्रत्येक गटासाठी शेजारीशेजारी दोन स्तंभ, एक आधीचा आणि एक नंतरचा, दोन रंगांत. वाचायला त्यात काहीच कठीण नाही. कोणताही एक गट घ्या आणि दोन स्तंभांच्या माथ्यांकडे पाहा, कोणता उंच ते लगेच कळतं. 64 आणि 61 सारखा तीन गुणांचा फरकसुद्धा दिसतो, कारण स्तंभ एकमेकांना खेटून उभे असतात.

अडचण पुढच्या प्रश्नाला येते. ख गटाची प्रगती जास्त की घ गटाची? इथे डोळ्याला ख च्या जोडीतला उंचीचा फरक मनातल्या मनात मोजावा लागतो, तो लक्षात ठेवून घ च्या जोडीकडे जावं लागतं, तिथला फरक मोजावा लागतो आणि मग दोन फरकांची तुलना करावी लागते. दोन्ही गट नेमके 9 गुणांनी वर गेले आहेत, पण चित्र पाहून हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. सहा गट म्हणजे सहा वजाबाक्या. त्या करायच्या वाचकाने, आणि आलेख काढणारा मात्र मोकळा!

आता शाईचा हिशेब करू. बारा स्तंभांची मिळून उंची 695 एकक भरते. आपल्याला ज्यात रस आहे ते सहा फरक म्हणजे 14, 9, 2, 9, 3 आणि 6, एकूण 43 एकक. म्हणजे कागदावरच्या रंगापैकी जेमतेम सहा टक्के भाग बदलाबद्दल काही सांगतो. बाकीचा रंग एवढंच सांगतो की गुण शून्यापासून मोजले जातात, आणि तेही प्रत्येक गटासाठी दोनदा.

तो बाकीचा रंग काढून टाकला की डंबेल आलेख उरतो. गुणांचा अक्ष आडवा ठेवायचा आणि प्रत्येक गटाला एक ओळ द्यायची. क च्या ओळीत 38 वर एक ठिपका, 52 वर दुसरा आणि दोघांना जोडणारी रेघ. व्यायामाच्या डंबेलसारखा आकार दिसतो, म्हणून हे नाव. जी वजाबाकी वाचकाला करावी लागत होती, ती आता रेघेच्या रूपात कागदावर आली. ख आणि घ च्या रेघा सारख्या लांबीच्या आहेत हे बघताक्षणी जाणवतं, आणि क ची रेघ सगळ्यांत लांब आहे हे तर सांगावंच लागत नाही.

याच्यामागे 1984 मधलं एक संशोधन आहे. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी माणसांना वेगवेगळे आलेख दाखवून लहान भाग मोठ्याच्या किती टक्के आहे याचा अंदाज करायला सांगितला. एकाच अक्षावरचं स्थान ओळखण्यात लोक सर्वांत कमी चुकले. लांबीचा अंदाज त्याहून कमी अचूक निघाला आणि कोनाचाही तसाच. स्तंभांऐवजी ठिपके वापरा असा आग्रह क्लीव्हलंडने त्याच सुमारास धरला होता, आणि डंबेल ही त्या ठिपक्यांच्या आलेखाचीच पुढची पायरी.

पण हेच संशोधन डंबेलची मर्यादाही दाखवतं. ठिपके आपण स्थानावरून वाचतो, रेघा मात्र लांबीवरून. आणि या रेघा प्रत्येक ओळीत वेगळ्या जागी सुरू होतात. 14 आणि 9 यांतला फरक त्यातूनही स्पष्ट दिसतो, पण 9 आणि 8 यांतला हुकू शकतो. म्हणून जर फक्त ‘कोण किती सुधारलं’ एवढंच सांगायचं असेल, तर माझ्या मते दोन्ही आलेख बाजूला ठेवावेत आणि नुसत्या फरकांचेच सहा आडवे पट्टे शून्यापासून काढावेत. डंबेल खरा कामाला येतो तो दोन गोष्टी एकत्र हव्या असतात तेव्हा: गट कुठे होता आणि तिथून किती सरकला.

शून्याचं गणितही दोन्हींत वेगळं आहे. स्तंभाची लांबी म्हणजेच त्याची किंमत, म्हणून त्याचा पाया शून्यावरच हवा. जागा वाचवायला कुणी अक्ष 30 पासून सुरू केला, तर क गटाचे स्तंभ 8 आणि 22 एककांचे होतील आणि गुण पावणेतीन पट झाल्यासारखे वाटतील. प्रत्यक्षात वाढ जेमतेम 37 टक्क्यांची आहे. डंबेलमध्ये शून्यापासूनची लांबी काढलेलीच नसते, त्यामुळे अक्ष 30 ते 80 ठेवला तरी क ची रेघ 14 चीच राहते आणि ख च्या रेघेशी तिचं प्रमाणही बदलत नाही. अर्थात ही सूट म्हणजे मोकळं रान नव्हे. दीड गुणाची रेघ पानभर ताणता येतेच, आणि ताणतातही. अक्षावरचे आकडे वाचल्याशिवाय कोणत्याच डंबेलवर विश्वास ठेवू नये.

काढताना दोन चुका हमखास होतात. पहिली दिशेची. च गट 64 वरून 61 वर घसरला आहे, पण दोन्ही ठिपके एकाच रंगाचे असतील तर त्याची रेघ ही तीन गुणांची प्रगतीच वाटते. लाल-हिरव्या रंगांवर भिस्त ठेवली तर ते रंग वेगळे ओळखू न येणाऱ्या वाचकाची पंचाईत. मी आधीचा ठिपका पोकळ ठेवतो आणि नंतरचा भरीव, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या छपाईतही अर्थ टिकतो. शिवाय घसरलेल्या गटाची रेघ जाड काढतो. दुसरी चूक ठिपक्याच्या आकाराची. पडद्यावर 50 गुणांना 500 पिक्सेल दिले असतील, तर ग गटाच्या दोन ठिपक्यांचे मध्यबिंदू फक्त 20 पिक्सेल लांब पडतात. ठिपका 14 पिक्सेलचा असेल तर मध्ये फट दिसते. 24 चा केला की एकावर एक चढतात आणि रेघ गडप होते.

आता चित्रापासून जरा लांब उभे राहा आणि फक्त पोकळ ठिपके पाहा. ते 38 पासून 72 पर्यंत पसरलेले आहेत, म्हणजे 34 गुणांत. मग फक्त भरीव पाहा: 52 ते 78, म्हणजे 26 गुणांत. गटांमधली दरी कमी झाली आहे. स्तंभांच्या दातेरी रांगेत हे सहज लक्षात आलं नसतं, इथे ते आपोआप समोर येतं. आणि इथेच मी जास्त सावध होतो, कारण जी गोष्ट चित्र एवढ्या ठसठशीतपणे सांगतं, ती खरी आहे का हे विचारायचं राहून जातं.

आधी विचारायचं ते हे, की गट पाडले कसे. समजा ते पूर्वचाचणीच्या गुणांवरूनच पाडले असतील, म्हणजे सर्वांत कमी गुण मिळालेले सगळे क मध्ये आणि सर्वांत जास्त मिळालेले छ मध्ये. मग क मध्ये खरोखर कच्च्या मुलांबरोबर त्या दिवशी आजारी असलेली, प्रश्न चुकीचा वाचलेली अशी मुलंही आली. दुसऱ्या चाचणीला ते दुर्दैव पुन्हा तसंच वाट्याला येत नाही, आणि गट काहीही न शिकवता वर सरकतो. छ मध्ये नेमकं उलट होतं. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत ते दाखवलं होतं.

हे किती असेल त्याचा अंदाज करता येतो. सगळ्या गटांची आधीची सरासरी सुमारे 55 आहे. क तिच्यापेक्षा 17 ने खाली आहे. दोन चाचण्यांच्या गुणांतला सहसंबंध 0.8 असेल आणि गुणांचा पसरटपणा दोन्ही वेळी सारखा असेल, तर त्या 17 पैकी पाचवा हिस्सा, म्हणजे साडेतीनच्या आसपास गुण, फुकटात भरून निघतात. 14 गुणांच्या रेघेतला तेवढा तुकडा उपक्रमाच्या नावावर टाकता येत नाही. छ गट मात्र तेवढाच खाली यायला हवा होता. तो 6 ने वर गेला असेल, तर त्याची सुधारणा रेघेत दिसते त्याहून मोठी आहे. उपक्रम न मिळालेल्या अशाच गटांचे डंबेल शेजारी काढले, तर हा तुकडा अंदाजाने नव्हे, डोळ्यांनी दिसेल.

गट असे गुणांवरून पाडलेले नसले तरी आणखी एक गोष्ट तपासावी लागते, आणि ती आहे च गटात. समजा पूर्वचाचणीला त्यात 10 मुलं होती आणि उत्तरचाचणीला 8 च बसली. दोघं गैरहजर राहिली, आणि पूर्वचाचणीत त्यांना 79 आणि 85 गुण होते. आधीच्या 10 जणांची बेरीज 640. त्यातून या दोघांचे 164 वजा केले की उरतात 476, आणि 8 जणांची सरासरी येते 59.5. दोन्ही चाचण्यांना बसलेली हीच 8 मुलं नंतर 61 वर पोहोचली आहेत. म्हणजे या मुलांची सरासरी घसरलीच नव्हती. डंबेलची दोन टोकं वेगवेगळ्या मुलांची होती, आणि त्यांना जोडणारी रेघ काढण्याचा आपल्याला अधिकारच नव्हता. दोन वेगळे स्तंभ निदान एवढा दावा तरी करत नाहीत. आकडे दुरुस्त करून काढलं की च चा भरीव ठिपका पोकळ ठिपक्याच्या उजवीकडे येतो, दीड गुण पुढे. मग गटाच्या नावाशेजारी मी 8 हा आकडा लिहितो, कारण आठ मुलांच्या सरासरीत एकाच मुलाचे 12 गुण इकडेतिकडे झाले तरी ही दीड गुणाची रेघ पुसली जाते.