वार्षिक अहवालाचा एकपानी गोषवारा

कंपनीच्या वार्षिक अहवालातील गुंतवणुकीच्या निर्णयाला लागणारी माहिती निवडून ती एका पानात मांडण्याची पद्धत. भारतातील मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांचे अहवाल आज तीनशे-चारशे पानांचे असतात. त्यांत संचालक मंडळाचा अहवाल, व्यवस्थापनाचे विवेचन, कारभारविषयक अहवाल, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि वित्तीय पत्रके एकामागून एक येतात. वित्तीय पत्रके बहुधा दोनदा येतात, एकदा केवळ त्या कंपनीची आणि एकदा उपकंपन्यांसह एकत्रित.

संक्षिप्त अहवालाचा उगम कोठे झाला याविषयी एकमत नाही. अमेरिकी लेखक १९८७ हे वर्ष धरतात. त्या वर्षी जनरल मोटर्सच्या विचारणेवर तेथील रोखे आयोगाने आक्षेप न घेतल्याने संक्षिप्त अहवालांचा मार्ग मोकळा झाला आणि मॅकेसन कंपनीने तसा अहवाल काढला. मात्र संपूर्ण वित्तीय पत्रके भागधारकांना अन्य कागदपत्रांसोबत पाठवावीच लागत, म्हणजे हा अहवाल पूर्ण अहवालाची जागा घेत नव्हता. ब्रिटनमध्ये १९८९ च्या कंपनी कायद्याने नोंदणीकृत कंपन्यांना पूर्ण लेख्यांऐवजी संक्षिप्त वित्तीय पत्रक पाठवण्याची मुभा दिली. सरकारी उद्योगांच्या खासगीकरणानंतर लहान भागधारकांची संख्या लाखांत गेली होती, ही त्याची पार्श्वभूमी. भारतात १९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम २१९ मध्ये १९८८ च्या दुरुस्तीने अशीच तरतूद आली आणि ‘२३एबी’ हा संक्षिप्त ताळेबंदाचा नमुना ठरला. पूर्ण अहवालाला कायदेशीर पर्याय हा निकष लावला, तर भारतीय तरतूद ब्रिटिश तरतुदीच्या किंचित आधीची ठरते. हा निकष अधिक ग्राह्य वाटतो. तिन्ही देशांत वाचकाच्या सोयीपेक्षा छपाई आणि टपालाचा खर्च हे प्रबळ कारण असावे. ब्रिटनने २०१३ मध्ये ही पद्धत मोडीत काढून तिच्या जागी व्यूहात्मक अहवाल आणला.

भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३६ ने हीच मुभा पुढे चालवली. नोंदणीकृत कंपनी सर्वसाधारण सभेपूर्वी २१ दिवस पूर्ण लेखे पाहण्यास उपलब्ध ठेवून भागधारकाला ‘एओसी-३’ नमुन्यातील ठळक वैशिष्ट्यांचे निवेदन पाठवू शकते. हे निवेदन म्हणजे गुंतवणूकदाराचा गोषवारा नव्हे. त्यात ताळेबंदाची ठरलेली शीर्षके एकत्र करून आकडे आटोपशीर केलेले असतात, महत्त्वानुसार निवड केलेली नसते. एकपानी गोषवारा निवडीवर उभा असतो. तो दलाली संस्थांचे विश्लेषक, म्युच्युअल फंडांचे संशोधन विभाग किंवा स्वतः गुंतवणूकदार तयार करतात.

निवडीची सुरुवात अहवालाच्या मागच्या भागातून करणे योग्य. आधी लेखापरीक्षकाचे मत पाहतात. ते निर्भेळ आहे की सशर्त, त्यात कशाकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे आणि कंपनी पुढे चालू राहण्याविषयी शंका आहे का, हे गोषवाऱ्यात एका वाक्यात येते. त्यानंतर रोकड प्रवाह पत्रक, मग संभाव्य देणी आणि संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार यांवरील टिपा. अध्यक्षांचे निवेदन शेवटी वाचतात, कारण ते आधी वाचल्यास त्यातील क्रमच गोषवाऱ्यात उतरतो.

पुढील उदाहरणातील कंपनी व आकडे काल्पनिक आहेत. एका यंत्रसामग्री कंपनीच्या अध्यक्षांनी महसुलात १८ टक्के आणि निव्वळ नफ्यात ३१ टक्के वाढ कळवली आहे. महसूल १,००० कोटी रुपयांवरून १,१८० कोटींवर आणि नफा ७० कोटींवरून ९२ कोटींवर गेला, त्यामुळे दोन्ही विधाने खरी आहेत. टिपांमध्ये मात्र जमीन विकून झालेला, कर वजा जाता २६ कोटींचा फायदा नमूद आहे. तो बाजूला काढला की नफा ६६ कोटी उरतो, म्हणजे मूळ व्यवसायाचा नफा सुमारे ६ टक्क्यांनी घटला. व्यवसायातून आलेली रोकड केवळ १८ कोटी आहे. जमिनीचे पैसे गुंतवणूक प्रवाहात धरले जात असल्याने ते या आकड्यात नाहीत. उरलेला नफा कुठे अडकला, याचे उत्तर बऱ्याच अंशी ग्राहकांकडील येण्यांत सापडते. येणी २१० कोटींवरून ३३० कोटी झाली. महसुलाशी भागून ३६५ ने गुणल्यास वसुलीचा काळ सुमारे ७७ दिवसांवरून १०२ दिवसांवर गेलेला दिसतो. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार येण्यांचे वयोमानानुसार कोष्टक द्यावे लागते. त्यात सहा महिन्यांहून जुनी रक्कम वाढली असेल, तर विक्री कागदावर झाली पण पैसे आले नाहीत असा संशय बळावतो. गोषवाऱ्यातील मुख्य वाक्य मग असे होते : ‘जमीन विक्रीचा फायदा वगळता नफा ७० कोटींवरून ६६ कोटी, वसुली २५ दिवसांनी लांबली, व्यवसायातील रोकड १८ कोटी.’ अध्यक्षांचे ३१ टक्के पानावर राहू द्यावेत, पण याच वाक्याखाली. ते गाळल्यास अहवाल चाळलेल्या वाचकाला गोषवारा भलत्याच कंपनीचा वाटेल.

पानाच्या माथ्यावर आर्थिक वर्ष, आकडे एकत्रित की स्वतंत्र, आणि रक्कम लाखांत की कोटींत हे लिहितात. प्रत्येक आकड्यापुढे अहवालाचा पृष्ठक्रमांक देण्याची चाल चांगली. तिच्यामुळे शंका आलेला वाचक मिनिटभरात मूळ टिपेपर्यंत पोहोचतो.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे महसूल एकत्रित पत्रकातून आणि कर्ज स्वतंत्र पत्रकातून उचलणे. उपकंपन्यांच्या नावावरील कर्ज त्यामुळे अदृश्य होते आणि कंपनी प्रत्यक्षापेक्षा निश्चिंत दिसते. ही चूक पकडण्यासाठी उचललेले सर्व आकडे एकाच पत्रकात पुन्हा शोधावेत. नफ्यासाठी आणखी एक पडताळा आहे. प्रतिभाग कमाईला वर्षातील भारित सरासरी भागसंख्येने गुणले की मूळ कंपनीच्या भागधारकांच्या वाट्याचा नफा यायला हवा. वरील उदाहरणात ५ कोटी भाग आणि १८.४० रुपये प्रतिभाग कमाई असल्यास ९२ कोटी जुळतात. आकडा कमी आला, तर बहुधा उपकंपन्यांतील बाहेरच्या भागधारकांचा वाटाही आपण आपला धरलेला असतो. दुसरी चूक गेल्या वर्षीचा आकडा जुन्या अहवालातून घेण्याची. लेखापद्धती बदलली किंवा एखादा विभाग बंद झाला की मागील वर्षाचे आकडे नव्या अहवालात पुन्हा मांडले जातात; तुलना नव्या अहवालाच्याच दोन स्तंभांत करावी आणि बदल झाल्याची नोंद ठेवावी.

बँका व विमा कंपन्यांना ही मांडणी जशीच्या तशी लागू पडत नाही. ठेवी आणि कर्जे हाच बँकेचा व्यवसाय असल्याने तिच्या रोकड प्रवाहातून फारसे काही कळत नाही. तेथे अनुत्पादक कर्जे आणि भांडवल पर्याप्तता यांना पहिली जागा मिळते.

मूळ अहवालच खोटा असेल, तर गोषवारा तो खोटेपणा फक्त लहान करतो. सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कबूल केले, की ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदातील ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या ताळेबंदावरून काळजीपूर्वक केलेल्या गोषवाऱ्यातही भरपूर रोकड हीच कंपनीची जमेची बाजू ठरली असती.