नाजूक वस्तूंचे संवेष्टन

काच, चिनीमाती यांसारख्या ठिसूळ पदार्थांच्या वस्तू वाहतुकीत फुटू नयेत म्हणून त्यांना खोके व मऊ भरण यांच्या साहाय्याने बांधण्याची पद्धती. या नोंदीत मुख्यतः एकेरी वस्तू कुरियरने पाठविण्याचा विचार केला आहे.

आज सर्वत्र वापरला जाणारा नालीदार पुठ्ठा संवेष्टनासाठी प्रथम केव्हा वापरला गेला, याविषयी लेखकांत एकवाक्यता नाही. इंग्लंडमध्ये १८५६ साली हीली व ॲलन यांनी चुणीदार कागदाचे एकस्व घेतले आणि काही लेखक तेथूनच इतिहास सुरू करतात. परंतु तो कागद उंच टोप्यांच्या अस्तरासाठी होता. न्यूयॉर्क येथील ॲल्बर्ट जोन्स यांनी १८७१ मध्ये घेतलेले एकस्व बाटल्या व दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासंबंधी असल्याने संवेष्टनाच्या दृष्टीने तेच आरंभस्थान मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ऑलिव्हर लाँग यांनी १८७४ मध्ये चुण्यांना सपाट कागदाचे अस्तर चिकटविले, त्यामुळे चुण्या पसरेनाशा झाल्या. बबल रॅपची निर्मिती १९५७ मधील असून फील्डिंग व शावान यांचा मूळ हेतू भिंतीसाठी कागद तयार करण्याचा होता. नागपूरच्या परिसरात भरण म्हणून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, वापरण्याची रीत आहे. संत्र्यांच्या लाकडी पेट्यांत तो थर म्हणून घालतात.

भरणाचे कार्य वस्तू थांबण्याचे अंतर वाढविणे हे होय. खोका ७५ सेंमी. उंचीवरून पडला आणि आतील वस्तू भरण दाबत २·५ सेंमी. अंतरात थांबली, तर तिच्यावर सरासरी सुमारे तिच्या वजनाच्या ३० पट बल येते. हेच अंतर अर्धा सेंमी. राहिल्यास ते १५० पटींवर जाते. प्रत्यक्षातील कमाल बल या सरासरीहून बरेच अधिक असते. यावरून दोन उलट दोष संभवतात : भरण फार मऊ असल्यास जड वस्तू ते पूर्ण दाबून पुठ्ठ्यावर आदळते, तर फार कडक असल्यास ते दबतच नाही. हलक्या पेल्याला पुरणारा बबल रॅपचा एक वेढा जड बरणीखाली निरुपयोगी ठरतो तो यामुळेच.

उदाहरणार्थ, २ किग्रॅ. वजनाची, १५ सेंमी. व्यासाची आणि मुठीसह २२ सेंमी. उंचीची लोणच्याची रिकामी बरणी नागपूरहून पुण्याला पाठवावयाची आहे. सर्व बाजूंनी ५ सेंमी. भरण धरल्यास २५ × २५ × ३२ सेंमी. मापाचा खोका लागतो. अनेक कुरियर कंपन्या घनसेंटिमीटरांना ५००० ने भागून येणारे आकारमानी वजन आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी करतात. या खोक्याचे आकारमानी वजन ४ किग्रॅ. येते. घरात पडलेला ३५ × ३५ × ४२ सेंमी. मापाचा खोका फुकट म्हणून वापरला, तर ते १०·२९ किग्रॅ. होते; शिवाय रिकामी जागा भरण्यास अधिक साहित्य लागते. याउलट झाकण कागदात गुंडाळून, काठावर पुठ्ठ्याची चकती ठेवून उलटे बसविले की मूठ बरणीच्या पोकळीत जाते. उंची अंदाजे १८ सेंमी. उरते, खोका २८ सेंमी. उंचीचा पुरतो आणि आकारमानी वजन ३·५ किग्रॅ. भरते. चकतीला मुठीपुरते भोक पाडावे लागते, हे सांगणे नको. भरण ३ सेंमी. केल्यास भाडे आणखी उतरेल, परंतु थांबण्याचे अंतरही त्याच प्रमाणात घटते. दोन किलोंच्या चिनीमातीसाठी ही काटकसर इष्ट नव्हे.

चुरगळलेली वर्तमानपत्रे हे सर्वांत स्वस्त भरण होय, मात्र सुमारे ७०० किलोमीटरच्या रस्त्यावरील हादऱ्यांनी ती बसतात आणि वर पोकळी उरते. म्हणून कागद इतका भरावा लागतो की खोक्याची झाकणे किंचित दाबूनच मिटावीत. बंद खोका हलविल्यावर आत काही सरकल्याचे जाणवल्यास तो पुन्हा उघडणे आवश्यक असते.

पुठ्ठा दमट हवेत ओलावा शोषतो आणि अतिशय दमटपणात त्याची दाब सोसण्याची शक्ती सुमारे निम्म्यावर येऊ शकते. नागपूरच्या उन्हाळ्यात कडक वाटणारा जुना तीनपदरी खोका श्रावणात वरच्या पेट्यांच्या भाराने चेपतो. अशा वेळी पाचपदरी खोक्याचा जादा खर्च समर्थनीय ठरतो, एरवी एकेरी बरणीसाठी नवा तीनपदरी पुरतो.

फुटलेल्या मालावरून कारण बहुधा ओळखता येते. कोपरा चेपलेला असल्यास आघात बाहेरून झालेला असतो. खोका शाबूत असून बरणीच्या तळाला तडा असल्यास तळाचे भरण अपुरे होते, आणि काठाचे टवके उडाले असल्यास झाकण मोकळे राहिले होते, असे समजावे.