समोरासमोरच्या दोन ओळी: ‘उत्तर जुळत नाही’ असं कळवण्याआधी

आमच्या कोड्यांच्या पुस्तिकेबद्दल ग्राहक जे विचारतात, त्यात दोन समांतर ओळींचं प्रकरण सगळ्यात पुढे असतं. कुणी म्हणतं, या कोड्याला दोन उत्तरं येतात. कुणी म्हणतं, एकही येत नाही. दोन्ही वेळी घोळ बहुतेक एकाच जागी निघतो, म्हणून हे पत्रक त्या एका जागेपुरतंच आहे.

कागदावर दोन ओळी काढल्या की वरची ओळ दक्षिणेकडे तोंड करून बसते, खालची उत्तरेकडे. खालच्यांचं डावं-उजवं तुमच्यासारखंच असतं, कारण तेही कागदाच्या वरच्या बाजूला बघतायत. वरच्यांचं मात्र उलटं: त्यांचा डावा हात तुमच्या उजवीकडे येतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं. एकाच ओळीत फिरणाऱ्या अटींत ते सहसा चुकतही नाही. चुकतं ते अट एका ओळीतून दुसरीत उडी मारते तेव्हा.

‘ग च्या समोर बसलेल्याच्या लगेच डावीकडे’ असं वाचलं की प्रश्न पडला पाहिजे: डावीकडे, पण कुणाच्या? ग च्या नव्हे, समोरच्याच्या. ‘डावीकडे’ या शब्दाच्या लगेच आधी ज्याचा उल्लेख असतो, त्याचा हात धरायचा. आता हीच अट उलटी करून वाचा: ‘ग च्या लगेच डावीकडे बसलेल्याच्या समोर’. शब्द तेच, पण आता डावा हात ग चा आहे. ग वरच्या ओळीत चौथ्या जागी असेल, तर पहिल्या वाक्याने तुम्ही खालच्या ओळीत तिसऱ्या जागेवर पोहोचता आणि दुसऱ्याने पाचव्या. म्हणजे ‘समोर’ आणि ‘डावीकडे’ यांची अदलाबदल चालत नाही, आणि घाईत नेमकी तीच होते.

एक कोडं पूर्ण सोडवून बघू. वरच्या ओळीत क, ख, ग, घ, ज आहेत, सगळे दक्षिणाभिमुख. खालच्या ओळीत प, फ, ब, भ, म, सगळे उत्तराभिमुख. प्रत्येकाच्या समोर बरोबर एक जण आहे. जागांचे क्रमांक कागदावर तुमच्या डावीकडून उजवीकडे 1 ते 5 धरा.

1. ग च्या उजवीकडे तिसऱ्या जागेवर ज आहे.
2. ग च्या समोर बसलेल्याच्या लगेच डावीकडे फ आहे.
3. फ आणि म यांच्यामध्ये एकच जण बसला आहे.
4. म च्या समोर बसलेल्याच्या लगेच डावीकडे क आहे.
5. घ टोकाला नाही.
6. ब च्या समोर बसलेला जण ख च्या शेजारी आहे.
7. प आणि क समोरासमोर नाहीत.

सुरुवात पहिल्या अटीने करा, कारण ती दोन जागा ठरावीक अंतराने बांधते. ग ची उजवी बाजू म्हणजे कागदाची डावी. म्हणून ग 4 आणि ज 1, नाहीतर ग 5 आणि ज 2. दोन शक्यता झाल्या. दोन वेगळ्या आकृत्या काढा, एकाच आकृतीत खाडाखोड करत बसू नका.

दुसरी अट खालच्या ओळीत उतरवते. समोरच्याचा डावा हात कागदाच्या डावीकडेच आहे, तेव्हा पहिल्या आकृतीत फ 3 आणि दुसरीत फ 4. तिसऱ्या अटीत दिशाच नाही. पहिल्या आकृतीत म 1 किंवा 5 होऊ शकतो, दुसरीत फक्त 2.

चौथी अट या कोड्याचा सापळा आहे. म खाली बसलाय, पण ‘डावीकडे’ आहे त्याच्या समोरच्याची, म्हणजे वरच्या ओळीतल्याची. तेव्हा क कागदावर एक घर उजवीकडे जातो. पहिल्या आकृतीत म 1 असेल तर क 2; म 5 असेल तर क ला सहावी जागा लागेल, ती नाहीच. दुसऱ्या आकृतीत क 3.

पाचव्या अटीने वरच्या दोन्ही ओळी भरतात:

पहिली आकृती
वर: ज क घ ग ख
खाली: म _ फ _ _

दुसरी आकृती
वर: ख ज क घ ग
खाली: _ म _ फ _

सहाव्या अटीला ‘शेजारी’ पुरतं, डावं-उजवं नको. दुसऱ्या आकृतीत ख टोकाला आहे, त्याचा शेजारी एकटा ज. ज च्या समोर ब हवा, पण तिथे म बसलेला आहे. ही आकृती बाद. पहिलीत ख चा शेजारी ग, म्हणून ब 4. उरलेल्या 2 आणि 5 या जागांपैकी 2 ही क च्या समोरची, ती सातव्या अटीने प ला बंद. उत्तर असं:

वर: ज क घ ग ख
खाली: म भ फ ब प

आता गंमत बघा. बाकी सगळं बरोबर ठेवून फक्त चौथ्या अटीत वरच्याचा डावा हात कागदाच्या डावीकडे धरला, तर काय होतं? पहिली आकृती तिथेच मोडते: म 1 असेल तर क ला जागा नाही, म 5 असेल तर क च्या जागी आधीच ग आहे. दुसरीत क 1 वर बसतो आणि गाडी पुढे छान चालते. शेवटी वरची ओळ क ज घ ख ग येते, खाली मात्र दोन मांडण्या उरतात: भ म ब फ प आणि भ म प फ ब. वाटेत कुठेही अडखळत नाही, म्हणून संशय कोड्यावर जातो. चुकीचा हात सगळ्याच अटींत धरला असता तर चौथ्या अटीपाशी क ला ग च्याच जागेवर बसावं लागलं असतं, आणि ‘उत्तरच नाही’ ही दुसरी तक्रार तयार.

म्हणून दोन उत्तरं उरली किंवा एकही उरलं नाही, तर सगळं कोडं पुन्हा सोडवू नका. ज्या अटींत ‘समोर’ आणि ‘डावीकडे’ किंवा ‘उजवीकडे’ हे दोन्ही आहेत, तेवढ्याच तपासा. इथे अशा दोनच आहेत, दुसरी आणि चौथी. ‘शेजारी’, ‘मध्ये’, ‘टोकाला’ असलेल्या अटींत दिशेची चूक शिरूच शकत नाही.

कुठली ओळ वर काढायची, हा प्रश्नही बरेच जण विचारतात. खरं तर फरक पडत नाही. उत्तराभिमुख ओळ चुकून वर काढलीत तर चित्रात दोन ओळी एकमेकींकडे पाठ करून बसल्यासारख्या दिसतील, पण समोरासमोरच्या जोड्या उभ्या रेषेत ठेवल्या आणि प्रत्येक ओळीचा डावा हात तिच्या स्वतःच्या दिशेनुसार धरला, तर समोर कोण आणि शेजारी कोण, हे तेच येतं. ओळीच्या दोन्ही टोकांना ‘डा’ आणि ‘उ’ लिहून टाकलं की पुरे. बाण काढून दर वेळी मनात हिशेब करण्यापेक्षा आम्हाला हेच बरं वाटतं.

एवढं करूनही उत्तर जुळलं नाही, तर आम्हाला जरूर कळवा. कोड्याच्या क्रमांकासोबत दोन्ही आकृत्या पाठवा, आणि कोणत्या अटीने कोणती शक्यता खोडली ते शेजारी लिहा. नुसतं शेवटचं उत्तर पाठवलं तर घोळ कुठे झाला हे आम्हाला शोधता येत नाही.