बहुघन प्रतिरूपण : संयोग, वजाबाकी व छेद

संगणकावर एखादा यांत्रिक भाग एकसंध न उभारता आधी त्याचे अनेक स्वतंत्र घन तयार करायचे आणि नंतर ते जोडून, एकातून दुसरा वजा करून किंवा दोहोंचा सामाईक भाग ठेवून अंतिम आकार मिळवायचा, या पद्धतीस बहुघन प्रतिरूपण म्हणतात. संयोग आणि छेद हे शब्द शाळेतल्या ‘संच’ या प्रकरणातलेच आहेत. घन म्हणजे अवकाशातील बिंदूंचा संच, असे मानले की तेच नियम येथे लागू होतात. कारखान्यात मात्र घनाला ‘बॉडी’ म्हणतात आणि वजाबाकीला सरळ ‘मायनस’. सॉलिडवर्क्स या आरेखनाच्या आज्ञावलीत हे काम Combine या आज्ञेने होते आणि तिचे तीन पर्याय Add, Subtract व Common असे आहेत. फ्यूजन या दुसऱ्या आज्ञावलीत त्यांनाच Join, Cut व Intersect म्हणतात.

या क्रियांचे बीजगणित जॉर्ज बूल (1815–1864) यांचे आहे. घनांवर ते प्रथम कोणी वापरले याबद्दल मात्र एकमत नाही. अमेरिकेतील मॅगी या कंपनीने किरणोत्सारी प्रारण पदार्थांतून कसे जाते हे मोजण्यासाठी 1960 च्या दशकातच साध्या घनांची बेरीज-वजाबाकी वापरली होती, म्हणून काही जण उगम तिथे मानतात. परंतु तो यंत्रभागांच्या आरेखनाचा प्रयत्न नव्हता. केंब्रिजमध्ये इयन ब्रेड यांनी आणि जपानमधील होक्काइडो विद्यापीठात ओकिनो यांच्या गटाने 1973 च्या सुमारास आपापल्या घन-आरेखन प्रणाली मांडल्या. त्याच दशकात रोचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होल्कर आणि ॲरिस्टिडीस रेक्विचा यांनी पॅडल ही प्रणाली उभारली. केंब्रिजची पद्धत घनाच्या पृष्ठांची, कडांची व शिरोबिंदूंची नोंद ठेवणारी होती. रोचेस्टरची पद्धत मूळ घन आणि त्यांवरील क्रिया वृक्षाच्या रूपात साठवणारी होती. आज वापरात असलेल्या आज्ञावलींकडे पाहता प्रत्यक्ष यंत्रणेचे श्रेय केंब्रिजकडे आणि सिद्धांताचे रोचेस्टरकडे देणे अधिक योग्य वाटते. सॉलिडवर्क्स ज्या पॅरासॉलिड गाभ्यावर चालते तो ब्रेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजमध्ये स्थापन केलेल्या शेप डेटा या कंपनीतून आला. वृक्षाची कल्पनाही लोपलेली नाही. पडद्याच्या डावीकडे दिसणारी क्रियांची यादी हे तिचेच सैल रूप आहे.

रोचेस्टरच्या सिद्धांतातील एक भाग रोजच्या कामात पदोपदी जाणवतो. संचांचे नियम जसेच्या तसे लावले तर एकमेकांना नुसते टेकलेल्या दोन ठोकळ्यांचा छेद म्हणजे जाडी नसलेले एक पृष्ठ येते. धातूत असे काही अस्तित्वात असू शकत नाही. म्हणून रेक्विचा यांनी ‘नियमित’ क्रिया सुचवल्या : उत्तराचा आतला भाग घ्यायचा आणि त्यालाच पुन्हा सीमा लावायची, म्हणजे जाडी नसलेली पापुद्र्यासारखी पृष्ठे आपोआप गळतात. तरीही एक अडचण उरते. 100 मिमी व्यासाच्या नळकांड्याशेजारी 40 मिमी व्यासाचा बॉस, म्हणजे गोल उंचवटा, समांतर उभा केला आणि दोन्ही अक्षांतील अंतर बरोबर 70 मिमी ठेवले, तर ते केवळ एका रेषेवर भेटतात. त्या कडेवर दोनऐवजी चार पृष्ठे येतात. सॉलिडवर्क्स तिथे zero thickness geometry असे सांगून थांबते. बॉस एक-दशांश मिमी आत सरकवला की तक्रार थांबते, पण तो खरा उपाय नाही. त्या जागी ओतीव भागातही जोड नसतोच, म्हणून तिथे पुरेशा जाडीचा दुवा देणे हेच बरोबर.

कोल्हापूरच्या संदर्भात ही पद्धत ओतकामातून समजून घेणे सर्वांत सोपे. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांत पोकळ भाग ओतताना लागणाऱ्या तीन वस्तू, म्हणजे वाळूत ठसा उमटवणारा पॅटर्न, त्यातून बनणारा वाळूचा साचा आणि आतली पोकळी राखणारा कोअर, या तिन्ही क्रियांची दृश्य उदाहरणे आहेत. एका बाजूला फ्लँज असलेले बेअरिंगचे घर घेऊ. नळकांडे 100 मिमी व्यासाचे व 160 मिमी लांब, तळाशी 180 मिमी व्यासाची 20 मिमी जाड फ्लँज, आणि आत 60 मिमीचे आरपार भोक. भोकासाठी 60 मिमी व्यासाचा वाळूचा कोअर लागतो. तो साच्यात टेकण्यासाठी दोन्ही टोकांना 30 मिमी बाहेर यावा लागतो, म्हणून त्याची एकूण लांबी 220 मिमी. बाहेर येणाऱ्या या टोकांना कोअर प्रिंट म्हणतात.

नळकांड्याचे घनफळ 1256.6 घ.सेंमी. आणि फ्लँजच्या तबकडीचे 508.9. दोन्ही एकमेकांत 20 मिमी शिरलेले असल्याने संयोग करताना सामाईक 157.1 एकदाच धरायचे. बाहेरचा आकार 1608.5 घ.सेंमी. होतो. कोअर 622.0 घ.सेंमी. चा आहे, पण त्यातील 452.4 एवढाच भाग बाहेरच्या आकाराच्या आत येतो. वजाबाकीनंतर उरतो 1156.1 घ.सेंमी. एवढा धातू. करड्या ओतीव लोखंडाची घनता 7.2 ग्रॅम प्रति घ.सेंमी. धरली तर वजन सुमारे 8.3 किलो. हाताने हिशेब करणारा पूर्ण कोअर वजा करून 7.1 किलो काढतो आणि धातू कमी पडतो. प्रिंट धातूत नसतात हे तो विसरलेला असतो.

आता पॅटर्न पाहा. तो म्हणजे बाहेरचा आकार आणि कोअर यांचा संयोग : 1778.1 घ.सेंमी. वाळूच्या ठोकळ्यातून पॅटर्न काढून घेतला की तेवढीच पोकळी उरते आणि तीत कोअर ठेवला की 1778.1 वजा 622.0, म्हणजे पुन्हा 1156.1. आकुंचनाची तूट आणि पॅटर्न वाळूतून सहज निघावा म्हणून दिलेला उतार, म्हणजे ड्राफ्ट, येथे धरलेले नाहीत. संगणकावर केलेली वजाबाकी आणि वाळूत झालेली वजाबाकी एकाच उत्तरावर येतात, हा या पद्धतीचा सर्वांत समाधान देणारा गुण आहे. ओपनस्कॅड या, आकार शब्दांत लिहून उभारायच्या आज्ञावलीत हेच घर असे लिहितात :

```
difference() {
  union() {
    cylinder(d=100, h=160);
    cylinder(d=180, h=20);
  }
  translate([0,0,-30]) cylinder(d=60, h=220);
}
```

येथे कोअर दोन्ही टोकांना बाहेर काढला आहे. वजा करायचा घन बाहेरच्या पृष्ठाशी बरोबर संपवला तर एकाच प्रतलात दोन पृष्ठे येतात आणि पूर्वदृश्यात तिथे पातळ पापुद्रा चमकतो. प्रिंट देण्याच्या सवयीमुळे ओतशाळेतला माणूस ही चूक सहसा करत नाही.

क्रम चुकणे ही सर्वांत नेहमीची चूक. घराला फ्लँजपासून नळकांड्यापर्यंत आधाराची पातळ रिब द्यायची असते. रिब नीट चिकटावी म्हणून ती अक्षापर्यंत आत ओढून आखणे सोयीचे असते. कोअर वजा करण्यापूर्वी ती जोडली तर भोकात शिरलेला भाग कोअरबरोबर जातो. वजाबाकी झाल्यावर जोडली तर तो भाग भोकातच राहतो. 10 मिमी जाड व 100 मिमी लांब रिब असेल तर असा अडथळा जवळपास 30 घ.सेंमी. होतो, म्हणजे 200 ग्रॅमहून थोडे जास्त लोखंड. बाहेरून पाहिल्यास काहीच दिसत नाही, म्हणून काटछेद घेऊन पाहावे. त्याहून नेमकी कसोटी म्हणजे रिबची व कोअरची एकेक प्रत घेऊन त्यांचा छेद काढणे. रिब अक्षापर्यंत आखलेली असेल तर तो येणारच. मग तेवढा भाग अंतिम घनातून गेला आहे की नाही हे वजनावरून ताडता येते. कोपऱ्याला गोलाई देणारा फिलेट मात्र संयोगानंतरच द्यावा लागतो, कारण नळकांडे व फ्लँज भेटतात ती कड संयोगातूनच जन्मते.

छेदाचा दुसरा उपयोग पॅटर्न करणाऱ्या सुताराला न सांगताही कळेल. लाकडाच्या ठोकळ्याच्या एका बाजूवर समोरचे दृश्य आणि दुसरीवर बाजूचे दृश्य आखून दोन्ही दिशांनी करवत चालवली की उरतो तो दोन उभारलेल्या घनांचा छेद. वाकडातिकडा लिव्हर किंवा काटा संगणकावर असाच मिळतो. मात्र दोन दृश्यांशी जुळणारा सर्वांत मोठा घन छेदातून येतो. कोपऱ्यांची गोलाई आणि आतले खड्डे त्यात नसतात, ते वेगळे द्यावे लागतात.

सॉलिडवर्क्समध्ये घन वेगळा ठेवायचा असेल तर तो उभारतानाच Merge result ची खूण काढावी लागते. Subtract केल्यावर वजा केलेला घन संपतो. ओतकामात हे अडचणीचे ठरते, कारण कोअर बॉक्ससाठी तोच कोअर पुन्हा लागतो : बॉक्स म्हणजे ठोकळा वजा कोअर. म्हणून आधी Move/Copy Bodies ने प्रत करून ठेवतात. प्रत केल्यानंतर मूळ कोअरवर नवी खाच काढली तर ती प्रतीत येत नाही आणि बॉक्स व ओतीव भाग एकमेकांशी जुळत नाहीत. प्रत काढण्याची जागा यादीत कोअरच्या सर्व क्रियांच्या खाली हवी. वजाबाकीने घनाचे दोन तुकडे झाले तर Bodies to Keep ही खिडकी उघडते. ती अनपेक्षितपणे उघडली तर घाईने ‘ठीक आहे’ दाबू नये, कुठेतरी भिंत आरपार कापली गेली आहे.

आकुंचनाची तूट, करड्या लोखंडासाठी ढोबळमानाने 1 टक्का, पॅटर्नला व कोअरला एकाच बिंदूपासून द्यावी लागते. फक्त पॅटर्न मोठा केला आणि कोअर 60 मिमीचाच राहिला तर भोक थंड झाल्यावर 59.4 मिमीच्या आसपास येते आणि मशिनिंगच्या तुटीचा हिशेब बिघडतो.

वर दाखवलेले समीकरण कागदावर अचूक असले तरी वाळूत ते थोडे सुटते. पॅटर्नवरील प्रिंट आणि कोअरची टोके तंतोतंत एका मापाची केली तर कोअर बसवताना साच्याची वाळू खरवडते. म्हणून पॅटर्नवरचा प्रिंट थोडा मोठा ठेवतात. त्यामुळे पॅटर्न हा बाहेरचा आकार व कोअर यांचा नेमका संयोग राहत नाही. पोकळीतून कोअर वजा केल्यावर धातूशिवाय प्रिंटभोवतीची पातळ फटही उरते. लोखंड तिच्यात शिरले की भोकाच्या तोंडाशी फिन, म्हणजे धातूची पातळ कड, येते आणि ती ग्राइंडरने काढावी लागते. प्रतिरूपात प्रिंटचे दोन वेगळे घन, पॅटर्नसाठी एक व कोअरसाठी एक, ठेवले असतील तर दोहोंच्या वजाबाकीतून ही फट आधीच मोजता येते.